कावळ्यासारखा हुशार पक्षी कोकिळेच्या अंड्याला फसतो तरी कसा?

पानगळ

उन्हाळा चढू लागला की कोकिळाचे ओरडणे आणि कावळ्यांची घरटी बांधण्याची लगबग एकाच सुमारास सुरू होते, आणि पुढे काही आठवड्यांनी कावळा आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या, पंखांवर फिकट ठिपके असलेल्या पिल्लाला भरवताना दिसतो. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत, पण त्यातील दोन गोष्टींचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही. पहिली म्हणजे कोकिळेने स्वतःचे घरटे न बांधण्याचे कारण काय. दुसरी माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कावळ्याच्या कुळातले पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, अन्न लपवून ठेवतात आणि ते नेमके कुठे ठेवले हेही विसरत नाहीत. असा पक्षी स्वतःच्या घरट्यातले परके अंडे ओळखू शकत नसेल, तर हजारो पिढ्यांत उत्क्रांतीने त्याला काहीच का शिकवले नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सरळरेघ

माझ्या समजुतीप्रमाणे कोकिळेत घरटे बांधण्याची उपजत बुद्धीच उरलेली नाही, त्यामुळे तिला दुसऱ्याच्या घरट्यावाचून गत्यंतर नाही. कावळा फसण्याचे कारणही सोपे आहे. तो अंडी मोजतो. कोकिळा आपले एक अंडे घालताना त्याचे एक अंडे काढून टाकते, त्यामुळे आकडा जुळतो आणि कावळ्याला संशय येत नाही.

तळ्याकाठी

सरळरेघ यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. आजच्या कोकिळेला घरटे बांधता येत नाही हे खरे, पण तो परिणाम आहे, कारण नव्हे. कोकिळेच्या कुळात जगभर मिळून सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतः घरटे बांधतात, अंडी उबवतात आणि पिल्ले वाढवतात. आपला भारद्वाज याच कुळातला आहे आणि झुडपात मोठे गोलसर घरटे करून नर-मादी मिळून पिल्ले सांभाळतात. म्हणजे या कुळाच्या पूर्वजांना घरटे बांधता येत होते, आणि पुढे कुळाच्या तीन वेगवेगळ्या शाखांनी स्वतंत्रपणे ते काम सोडून दिले.

सोडून देण्याने काय मिळाले, हे पाहायला हवे. पक्ष्याच्या मादीला अंडे तयार करायला जेवढी शक्ती लागते, त्याच्या कितीतरी पट शक्ती पिल्लांना भरवण्यात जाते, आणि तो काळ तिला एकाच जागी बांधून ठेवतो. ते ओझे दुसऱ्यावर गेले की वाचलेली शक्ती आणखी अंडी घालण्यात लावता येते. एडगर चान्स या इंग्रज निरीक्षकाने 1922 साली युरोपीय कुकूच्या एका मादीवर संपूर्ण हंगाम पाळत ठेवली, तेव्हा तिने पंचवीस अंडी घातल्याची नोंद झाली, आणि तीही प्रत्येक वेगळ्या घरट्यात. स्वतः पिल्ले वाढवणाऱ्या तेवढ्याच आकाराच्या पक्ष्याला एका हंगामात हे शक्य होणार नाही. शिवाय सगळी अंडी एकाच घरट्यात नसल्यामुळे साप किंवा मांजर एका घरट्यापर्यंत पोहोचले, तरी सगळे नुकसान एकदम होत नाही.

ही सवय एका दिवसात लागली नसावी. अमेरिकेतील काही कुकू स्वतः घरटे बांधतात, पण अन्न मुबलक असलेल्या वर्षी एखादे जास्तीचे अंडे दुसऱ्याच्या घरट्यात घालून येतात. पूर्ण परावलंबनाकडे जाणारी वाट अशाच पायरीवरून गेली असावी, असे मानायला जागा आहे.

मोजण्याचा मुद्दा मात्र प्रयोगात टिकलेला नाही. त्याबद्दल पुढे लिहीन, किंवा दूरदेशी लिहितील, कारण तो प्रयोग त्यांच्या घराजवळ झालेला आहे.

मेघना_स

भारद्वाज कोकिळेचा नातलग आहे हे मला आज कळले. आमच्या कुंपणात दरवर्षी घरटे होते आणि दोघेही पिल्लांसाठी सरडे, गोगलगायी आणताना दिसतात, त्यामुळे ही माहिती ऐकून फार आनंद झाला.

वाडीवरचा

कावळा पूर्ण फसतो, हे मला मान्य नाही. आमच्या माडांवर आणि आंब्यावर दरवर्षी कावळ्यांची घरटी असतात. घरटे झाले की कोकीळ दिसला रे दिसला की कावळे त्याच्यावर तुटून पडतात आणि वाडीच्या पलीकडे हाकलून देऊनच परत येतात. नर कोकीळ मुद्दाम समोर येऊन ओरडतो, कावळ्यांची जोडी त्याच्या मागे लागते आणि ठिपक्यांची मादी तेवढ्यात आवाज न करता घरट्यात शिरून बाहेर पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणजे कोकीळ आपला शत्रू आहे, एवढे कावळ्याला नक्की कळते.

तळ्याकाठी

वाडीवरचा यांचे निरीक्षण या चर्चेला योग्य वळण देणारे आहे. यजमान पक्ष्याचा बचाव एकच नसतो. त्याची पहिली फळी घरट्याबाहेर असते, म्हणजे परजीवी पक्ष्याला जवळ येऊ न देणे. दुसरी फळी अंड्यापाशी, म्हणजे परके अंडे ओळखून बाहेर टाकणे किंवा ते घरटेच सोडून देणे. तिसरी पिल्लापाशी. कावळ्याने पहिली फळी चांगली भक्कम केली आहे, दुसरी मात्र जवळपास रिकामी ठेवली आहे. तेव्हा पानगळ यांचा प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा: दाराशी एवढा सावध असणारा पक्षी घरट्याच्या आत एवढा निष्काळजी का?

पहिल्या फळीवर परजीवी पक्षीही उत्तर शोधतात. आपला पावशा उडताना आणि फांदीवर बसलेला असताना शिक्र्यासारखा दिसतो, हे तुम्ही पाहिले असेल. युरोपीय कुकूही पोटावरच्या आडव्या पट्ट्यांमुळे तिकडच्या ससाण्यासारखी दिसते, आणि या साम्यामुळे लहान पक्षी तिच्या जवळ जाऊन कालवा करायला कचरतात, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. कोकिळेला मात्र कावळ्याला घाबरवता येत नाही, म्हणून तिला नराच्या मदतीने त्याला दूर न्यावे लागते.

गच्चीतली_बाग

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारते. आमच्या गच्चीवरील मोठ्या पानांच्या कुंडीत शिंपी पक्ष्याने दोन पाने शिवून घरटे केले होते. आता त्या घरट्याजवळच्या फांदीवर शिंप्याच्या दुप्पट-तिप्पट आकाराचे, राखाडी-तपकिरी पिल्लू बसलेले असते आणि बिचारा शिंपी दिवसभर त्याला किडे भरवतो. शिंप्याचे स्वतःचे पिल्लू एकही दिसत नाही. त्या मोठ्या पिल्लाला उचलून दुसरीकडे सोडले, तर शिंपी पुन्हा अंडी घालील का? मला त्याची फार दया येते.

तळ्याकाठी

गच्चीतली_बाग, कृपया त्याला हात लावू नका. ते बहुधा कारुण्य कोकिळेचे पिल्लू आहे. ही लहान कोकिळा शिंपी, वटवट्या यांच्यासारख्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालते. शिंप्याची पिल्ले आता परत येणार नाहीत, कारण या जातीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच घरट्यातले बाकी सगळे बाहेर ढकलते. शिंप्याचा हंगाम लांब असतो आणि हे पिल्लू स्वतंत्र झाल्यावर त्याच ठिकाणी किंवा जवळपास तो पुन्हा घरटे करण्याची शक्यता बरीच आहे. वन्य पक्ष्याचे पिल्लू घरट्यावरून हलवणे कायद्यातही बसत नाही.

गच्चीतली_बाग

समजले, हात लावणार नाही. पण एवढे मोठे पिल्लू आपले नाही, हे शिंप्याला दिसत कसे नाही, हे मला अजूनही कळत नाही.

दूरदेशी

तुमचा हा प्रश्न या विषयाचा गाभाच आहे, पण त्याआधी अंड्यांचे सांगतो, म्हणजे पिल्लाचे कोडे का उभे राहते ते कळेल. मी केंब्रिजला राहतो. इथून जवळच विकेन फेन नावाची पाणथळ जागा आहे, लव्हाळ्यांनी भरलेली. तिथे रीड वॉर्बलर नावाचा अकरा-बारा ग्रॅम वजनाचा पक्षी लव्हाळ्याच्या काड्यांना बांधून खोल वाटीसारखे घरटे करतो, आणि कुकू त्याच घरट्यांत अंडी घालते. निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी 1980 च्या दशकात तिथे जे प्रयोग केले, त्यांतून या नात्यातली बरीचशी गुंतागुंत उलगडली.

कुकूची मादी दुपारनंतर येते, घरट्यातले एक अंडे चोचीत धरते, दहाएक सेकंदांत आपले अंडे घालते आणि उडून जाते. सकाळची वेळ ती टाळते, कारण वॉर्बलर स्वतः सकाळी अंडे घालते. या प्रत्येक बारीक गोष्टीला काही अर्थ आहे का, हे पाहण्यासाठी या दोघांनी रंगवलेली बनावट अंडी वेगवेगळ्या घरट्यांत, वेगवेगळ्या रीतीने ठेवून पाहिली. वॉर्बलरच्या अंड्यांसारखी हिरवट, ठिपक्यांची अंडी बहुतेक जोड्यांनी स्वीकारली. दुसऱ्या रंगाची अंडी बहुसंख्य जोड्यांनी बाहेर टाकली. वॉर्बलरने अंडी घालायला सुरुवात करण्याआधीच ठेवलेले अंडे टाकले गेले. घरट्याजवळ पेंढा भरलेली कुकू थोडा वेळ ठेवली, की एरवी चालून जाणारे अंडेही अधिक वेळा टाकले जाऊ लागले.

आता सरळरेघ यांच्या मुद्द्याकडे येतो. एक अंडे न काढताच जास्तीचे बनावट अंडे ठेवले, तरी टाकण्याचे प्रमाण वाढले नाही. म्हणजे वॉर्बलर मोजत नाही. ज्यावर तिची नजर असते ते अंड्याचे रूप, ते घातले जाण्याची वेळ आणि कुकू आसपास दिसली की नाही, या गोष्टी. कुकूने उचललेले अंडे बहुधा तिचे फुकटचे जेवण असते.

सरळरेघ

मोजण्याबद्दल पटले. मग कावळ्याच्या बाबतीत कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यासारखे असल्यामुळेच चालून जाते, असे म्हणावे लागेल. कोकिळेचे अंडे मी पाहिले आहे. रंगाने कावळ्याच्या अंड्याच्या जवळचे, हिरवट-राखाडी आणि तपकिरी डागांचे असते, पण आकाराने स्पष्ट लहान असते.

शंकासुर

मला या सगळ्यात एक उणीव जाणवते. वॉर्बलर अंडे ओळखते हे तुम्ही दाखवले, पण ही ओळख कुकूमुळे उत्क्रांत झाली हे कशावरून? ती आधीपासूनच असू शकते, किंवा दरवेळी पक्षी अनुभवातून शिकत असतील. "उत्क्रांतीने दिले" हे उत्तर प्रत्येक गोष्टीला देता येते, म्हणून ते तपासण्याचा काही मार्ग आहे का, हे विचारतो.

तळ्याकाठी

शंकासुर यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुलनेतून मिळते. जिथे परजीवी नाही, तिथे बचाव दुबळा असायला हवा. आइसलँडमध्ये कुकूची वीण होत नाही. तिथल्या धोबी पक्ष्यांच्या आणि तीरचिमण्यांच्या घरट्यांत डेव्हिस आणि ब्रुक यांनी वेगळ्या रंगाची बनावट अंडी ठेवली, तेव्हा ब्रिटनमधल्या त्याच जातींपेक्षा त्यांनी ती कितीतरी अधिक वेळा स्वीकारली. झाडाच्या ढोलीत घरटे करणारे पक्षी, ज्यांच्या ढोलीच्या अरुंद तोंडातून कुकूला शिरताच येत नाही, तेही अंड्यांबाबत असेच निष्काळजी आढळले.

दुसरा दाखला मला त्याहून आवडतो. आफ्रिकेतला व्हिलेज वीव्हर हा आपल्या सुगरणीचा नातलग आहे. त्याच्या प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग आणि ठिपके इतर माद्यांहून वेगळे असतात, पण तिची स्वतःची सगळी अंडी एकसारखी असतात. कुकूने एकीची नक्कल केली, तरी शेजारणीच्या घरट्यात ती उघडी पडते. माणसांनी हा पक्षी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर आणि पुढे एकोणिसाव्या शतकात मॉरिशसवर नेला. त्या दोन्ही ठिकाणी त्याच्यावर अंडी घालणारी कुकू नव्हती. डेव्हिड लाहटी यांनी तिथल्या अंड्यांचे मोजमाप करून 2005 मध्ये दाखवले, की दोन माद्यांच्या अंड्यांमधला फरक कमी झाला होता आणि एकाच मादीची अंडी आपापसांत वेगळी पडू लागली होती. राखण करायचे कारण गेल्यावर सही पुसट होत गेली, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. शिकून आलेल्या गोष्टीने अंड्याचा रंग बदलत नाही.

शंकासुर

वीव्हरचा दाखला पटला, कारण अंड्याचा रंग ही वर्तनाची नाही, शरीराची गोष्ट आहे. पण धोबी पक्ष्याच्या उदाहरणात शिकण्याचा भाग पूर्ण वगळता येत नाही. कुकू कधी न पाहिलेला पक्षी सावध नसणारच.

दूरदेशी

हा आक्षेप मला योग्य वाटतो. विकेन फेनवरच त्याला आधार सापडतो. 1980 च्या दशकाच्या मध्यात तिथे साधारण सहात एक घरटे कुकूच्या तावडीत सापडत असे. पुढे कुकूंची संख्या घसरली आणि हे प्रमाण फारच कमी झाले. अवघ्या दहा-बारा वर्षांत वॉर्बलरचे अंडी टाकण्याचे प्रमाणही घसरले, आणि हा वेग जनुके बदलण्याच्या मानाने फार जास्त आहे. त्यामुळे परक्या अंड्याचा संशय घेण्याची क्षमता वारशाने येते, पण ती किती वापरायची हे पक्षी आसपासच्या धोक्यावरून ठरवतो, असे तिथल्या संशोधकांचे मत आहे.

प्रा_निवृत्त

ही चर्चा वाचताना मला पुन्हा गच्चीतली_बाग यांचा प्रश्न आठवतो. अंड्यावरच्या ठिपक्यांतला फरक जो पक्षी ओळखतो, तो आपल्या आठपट वजनाचे पिल्लू भरवत राहतो, हे तर्काला धरून नाही. ठिपका दिसतो आणि डोंगर दिसत नाही, हे कसे?

तळ्याकाठी

सर, इस्रायली संशोधक आर्नोन लोटेम यांनी 1993 मध्ये याचे जे उत्तर मांडले, ते मला आजही फार सुंदर वाटते. पक्षी आपली अंडी कशी दिसतात हे पहिल्या वीणीच्या वेळी शिकतो. त्या वेळी घरट्यात कुकूचे अंडे असले तरी स्वतःची अंडीही सोबत असतात, त्यामुळे शिकवणीत फारसे बिघडत नाही. फार तर कुकूच्या एखाद्या अंड्यालाही तो आपले मानू लागेल.

आता पिल्लाबाबत तोच नियम लावून पाहा. समजा, पहिल्याच वीणीत कुकूने घरटे गाठले. कुकूचे पिल्लू एक-दोन दिवसांतच बाकीची अंडी-पिल्ले पाठीवर घेऊन बाहेर टाकते, त्यामुळे यजमानाच्या डोळ्यांसमोर एकच पिल्लू उरते. ते कुकूचे असते, आणि तोच "माझे पिल्लू असे दिसते" हा धडा होतो. पुढच्या वर्षी घरट्यात खरी स्वतःची पिल्ले निघाली, की शिकलेल्या धड्यावरून तो त्यांनाच परकी ठरवून टाकून देईल, आणि हे आयुष्यभर होत राहील. अशा पक्ष्याचा वंश उरणार नाही. उलट कुठलेही पिल्लू असो, भरवत राहणारा पक्षी एका वर्षी नुकसान सोसेल, पण पुढच्या वर्षी त्याची पिल्ले वाढतील. पिल्लू ओळखायला शिकणे हाच इथे सापळा आहे. म्हणून शिंपी आंधळा नाही. ओळखण्याची सवय त्याच्या पूर्वजांना महाग पडली असती.

प्रा_निवृत्त

हे उत्तर मनापासून पटले. विद्यार्थ्यांना शिकवत असतो, तर उद्याच सांगितले असते. पण मग पिल्लाला ओळखून टाकणारा पक्षी जगात कुठेच नसेल ना?

दूरदेशी

आहेत, म्हणूनच हा विषय अजून संपलेला नाही. ऑस्ट्रेलियातला निळा फेअरी-रेन पक्षी अंडे ओळखत नाही, कारण त्याचे झाकलेले घरटे आतून अंधारे असते. पण नाओमी लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले, की तिथल्या ब्राँझ कुकूचे पिल्लू घरट्यात असल्यास साधारण दहातल्या चार वेळा फेअरी-रेन ते घरटे सोडून निघून जातो. नंतर दुसऱ्या संशोधकांना असेही आढळले, की ही मादी उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांशी ठरावीक सूर काढते, आणि तिची पिल्ले बाहेर आल्यावर तोच सूर आपल्या ओरडण्यात घालतात. कुकूच्या पिल्लाला तो येत नाही. लोटेम यांचा सापळा इथे चुकवला जातो, कारण ओळख पिल्लाच्या दिसण्यावर अवलंबून नाही.

पानगळ

सर्वांचे आभार, एवढे तपशील एकत्र मिळतील असे वाटले नव्हते. पण मला मूळ प्रश्नाकडे परत जायचे आहे. शिंपी आणि वॉर्बलर यांचे समजले. कावळ्याचे मात्र अजून उरले आहे. कोकिळेचे अंडे लहान असते, दिवसाच्या उजेडात उघड्या घरट्यात असते, आणि कावळा ते टाकत नाही. पिल्लाच्या बाबतीत लोटेम यांचे गणित कावळ्याला लागू होते का?

तळ्याकाठी

माझ्या मते नाही, आणि कारण असे. भारतात कावळ्याच्या घरट्यातले कोकिळेचे पिल्लू सहसा यजमानाची पिल्ले बाहेर ढकलत नाही. तिची ऑस्ट्रेलियातली जवळची नातलग कोकिळा लहान यजमानांच्या घरट्यांत अंडी घालते आणि तिचे पिल्लू ढकलते, पण कावळ्याची अंडी मोठी आणि घरटे खोल, त्यामुळे इथे ती मेहनत परवडत नसावी. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याच्या तीन-चार दिवस आधी फुटते, तिचे पिल्लू आधी खायला लागते आणि भुकेच्या स्पर्धेत कावळ्याची काही पिल्ले मागे पडतात. काही, सगळी नव्हे. दोन्ही पिल्ले शेजारी असल्यामुळे कावळ्याला तुलना करायची संधी मिळते, म्हणून लोटेम यांचा सापळा इथे नाही. मग तो टाकत का नाही?

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा शंभर घरटी आहेत, प्रत्येकात चार अंडी, आणि दहा घरट्यांत कोकिळेने अंडे घातले. तिच्या पिल्लामुळे दर घरटी कावळ्याची दोन पिल्ले दगावतात असे धरू. ओळखायला निघालेला कावळा अंडी सारखी असल्यामुळे निम्म्या वेळाच बरोबर ओळखेल, म्हणजे पाच घरट्यांत मिळून दहा पिल्ले वाचतील. पण उरलेल्या नव्वद घरट्यांत त्याला स्वतःचे एखादे वेगळे दिसणारे अंडे परके वाटणार. दहात एकदा अशी चूक झाली, तर नऊ अंडी हकनाक गेली. फायदा दहाचा, तोटा नऊचा, म्हणजे हाती जेमतेम एकच लागते. कोकिळेने दहाऐवजी पाचच घरटी गाठली असतील, तर फायदा पाचावर येतो आणि तोटा साडेनऊवर जातो, म्हणजे ओळखायला जाणारा कावळा न ओळखणाऱ्यापेक्षा मागे पडतो. ढकलणाऱ्या पिल्लाच्या यजमानाचे चारही जातात, म्हणून त्याच्यासाठी तोच हिशेब उलटा येतो. वॉर्बलर अंड्यांबाबत चिकित्सक आणि कावळा ढिला असण्याचे हे एक कारण मला दिसते.

मेघना_स

हिशेबात तुम्ही एक अंडे आणि एक पिल्लू सारख्याच किमतीचे धरले आहे, आणि मला ते योग्य वाटत नाही. कावळ्याच्या घरट्यातले शेवटी फुटलेले पिल्लू बऱ्याचदा कोकिळा नसतानाही जगत नाही. म्हणजे चुकून एक अंडे टाकले तर खरे नुकसान एकापेक्षा कमी होईल, आणि तोटा नऊवरून खाली येईल. मग ओळखणारा कावळाच पुढे राहील.

तळ्याकाठी

मेघना यांची दुरुस्ती मला मान्य आहे. त्या बाजूने धरले तर तराजू ओळखण्याकडे झुकतो. तरीही कावळा कोकिळेचे अंडे टाकत नाही. बांगलादेशात केलेल्या अभ्यासातही कावळ्याने आणि तिथल्या इतर यजमानांनी कोकिळेची अंडी टाकलेली आढळली नाहीत. म्हणजे माझा हिशेब उत्तराचा एक भागच सांगतो. दुसरा भाग कदाचित पहिल्या फळीत आहे. दाराशीच बहुतेक कोकिळांना अडवले, तर आत शिरणारी थोडीच उरतात, आणि त्यांच्यासाठी आत पहारा ठेवण्याचे फळ कमी होते. हे माझे अनुमान आहे.

वाडीवरचा

हिशेब कागदावर ठीक आहे, पण आमच्या वाडीत मी कावळ्याच्या घरट्यातून कोकिळेची दोन पिल्ले बाहेर पडताना पाहिली आहेत आणि त्या घरट्यातले कावळ्याचे एकही पिल्लू उडाले नाही. एका घरट्यात कोकिळेची दोन-तीन अंडी सापडणे काही नवलाचे नाही. तेव्हा दर घरटी दोन पिल्ले हे धरणे आमच्याकडे तरी कमी पडते. एवढे नुकसान होत असताना कावळा गप्प बसतो, तर त्याला ओळखताच येत नाही, हेच मला सरळ उत्तर वाटते.

दूरदेशी

वाडीवरचा यांच्या विरुद्ध बाजूचा एक दाखला देतो, तोही कावळ्याचाच. उत्तर स्पेनमध्ये कॅरियन क्रो या कावळ्याच्या घरट्यात ग्रेट स्पॉटेड कुकू अंडी घालते आणि तिचेही पिल्लू ढकलत नाही. डॅनिएला कानेस्त्रारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले, की भक्षक जास्त असलेल्या वर्षी कुकूचे पिल्लू असलेल्या घरट्यातून कावळ्याचे निदान एक तरी पिल्लू यशस्वीपणे उडून जाण्याची शक्यता अधिक होती. त्या पिल्लाला त्रास दिला की ते अत्यंत दुर्गंधीयुक्त द्रव सोडते, आणि त्याने मांजरासारखे भक्षक मागे हटतात. भक्षक कमी असलेल्या वर्षी मात्र तेच पिल्लू कावळ्याला नुकसानीचे ठरले.

वाडीवरचा

आमच्या कोकिळेच्या पिल्लाला मी हाताळले आहे. तसा काही वास आला नाही.

पानगळ

मग स्पेनचे उत्तर आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही, असे दिसते. कावळा ओळखू शकत नाही, की ओळखूनही टाकत नाही, हे ठरवायला विकेन फेनसारखाच प्रयोग कावळ्याच्या घरट्यात करावा लागेल: एक अगदी निळे किंवा पांढरे अंडे ठेवायचे आणि कावळा ते टाकतो का पाहायचे. ते त्याने टाकले, तर ओळखण्याची ताकद आहे आणि सरळरेघ म्हणतात तसे कोकिळेच्या अंड्याचे साम्य त्याला निरुत्तर करते. तेही चालवून घेतले, तर वाडीवरचा यांचे म्हणणे खरे ठरेल. असा प्रयोग रीतसर परवानगीशिवाय कोणी करू नये, पण वादळात पडलेल्या घरट्यांच्या किंवा घरट्याखाली सापडलेल्या अंड्यांच्या नोंदी आपल्यापैकी अनेकांकडे असतील.

वाडीवरचा

आमच्याकडे मृगाच्या आधीच्या वाऱ्यात घरटी पडतातच. या वर्षी खाली पडलेल्या अंड्यांत कोकिळेची किती आणि कावळ्याची किती, आणि ती घरट्यासकट पडली की एकटी, हे लिहून ठेवीन आणि इथे टाकीन.